घरकर्जाची साठ दिवसांची नोटीस

कर्ज थकल्यावर घरी येणारा प्रत्येक कागद सारखा नसतो. 'आपला हप्ता भरावा' असं बँकेचं साधं स्मरणपत्र असतं. वकिलाची मागणी नोटीस असते. चेक परत गेला असेल तर त्याची वेगळी नोटीस येते आणि तिला फक्त पंधरा दिवसांची मुदत असते. पतसंस्थेचं कर्ज असेल, तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्याच्या सुनावणीची नोटीस येऊ शकते. या लेखात यांपैकी एकाच कागदाबद्दल लिहायचं आहे, कारण राहतं घर जाण्याची वाट त्याच्यापासून सुरू होते. तो कागद म्हणजे सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खालची साठ दिवसांची नोटीस.

२००२ साली झालेल्या या कायद्यामुळे बँकांना मोठा अधिकार मिळाला. गहाण मालमत्ता ताब्यात घेऊन विकायची असेल, तर आधी दिवाणी न्यायालयात दावा लावण्याची गरज उरली नाही. राष्ट्रीयीकृत आणि खासगी बँका, गृहवित्त कंपन्या, ठरावीक मर्यादेवरच्या बिगरबँक वित्तसंस्था या सगळ्या हा कायदा वापरतात. सहकारी बँकांना तो लागू होतो की नाही, यावर बरीच वर्षं वाद होता. मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०२० साली तो मिटवला: लागू होतो. त्यामुळे 'आपली बँक गावातलीच आहे, संचालक ओळखीचे आहेत, एवढं टोक गाठणार नाहीत' या भरवशावर राहू नये.

पाकीट आलं की बरीच माणसं ते घेतच नाहीत. पोस्टमनला 'घरी नाहीत' असं सांगून परत पाठवतात. त्याने काहीही टळत नाही. नोटीस चुकवली जातेय असं दिसलं, तर ती दारावर चिकटवण्याची आणि दोन वर्तमानपत्रांत छापण्याची तरतूद नियमांतच आहे, आणि त्यातलं एक वर्तमानपत्र स्थानिक भाषेतलं असावं लागतं. म्हणजे जी गोष्ट घरातल्या चौघांत राहिली असती, ती सोसायटीभर होते. शिवाय कायद्यात साठ दिवस नोटिशीच्या तारखेपासून मोजायचे असं लिहिलं आहे. पाकीट पंधरा दिवस उशिरा हातात पडलं तरी सावधपणे हिशेब करायचा तो कागदावरच्या तारखेपासून. पाकीट मात्र फेकू नका. त्यावरचा टपालाचा शिक्का पुढे पुरावा म्हणून कामी येऊ शकतो.

नोटीस उघडली की पहिला धक्का आकड्याचा बसतो, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. एक नमुना घेऊन बघू. समजा, हडपसरला राहणाऱ्या एका जोडप्याने वीस वर्षांसाठी २५ लाखांचं घरकर्ज नऊ टक्क्यांनी घेतलं. महिन्याचा हप्ता साधारण २२,४९३ रुपये. पाच वर्षं हप्ते वेळेवर गेले आणि मुद्दल २२ लाख १८ हजारांच्या आसपास राहिली. मग नवऱ्याची नोकरी गेली आणि ५ जानेवारी २०२५ चा हप्ता चुकला. फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलचेही राहिले. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात नोटीस आली आणि तिच्यात आकडा होता जवळजवळ २३ लाखांचा, साठ दिवसांत सगळे भरा, असा.

चार हप्ते म्हणजे ८९,९७२ रुपये. शुल्क धरून फार तर पंचाण्णव हजार. मग तेवीस लाख कुठून आले? कलम १३(२) ची नोटीस थकलेल्या हप्त्यांपुरती नसते. तिच्यात संपूर्ण देणं मागितलेलं असतं: उरलेली सगळी मुद्दल, व्याज आणि खर्च. हा आकडा पाहून माणूस खचतो, 'एवढे कुठून आणणार' म्हणून कपाटात कागद ठेवून देतो आणि ज्या पंचाण्णव हजारांची सोय झाली असती, तीही करत नाही. या कागदाने घरं जातात ती अनेकदा अशी.

प्रत्यक्षात आपल्यासमोर दोन आकडे असतात. एक नोटिशीतला. दुसरा असतो खातं नियमित करायला लागणारा, म्हणजे आजवरची सगळी थकबाकी, आणि तो नोटिशीत ठळकपणे दिलेला नसतो. तो शाखेतून लेखी मागून घ्यावा लागतो. त्याचं महत्त्व रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादक, म्हणजे एनपीए, ठरतं. ५ जानेवारीचा हप्ता राहिला आणि मध्ये काहीच भरलं नाही, तर ५ एप्रिलच्या दिवसअखेरीस तो शिक्का बसतो. तो पुसायचा असेल, तर थकलेलं व्याज आणि थकलेली मुद्दल दोन्ही पूर्ण भरावी लागतात. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं.

याचा व्यवहारातला अर्थ नीट समजून घ्यायला हवा. खातं एनपीए होण्याआधी अर्धे पैसे भरून थोडा वेळ मिळत असे. ती सवय नंतर उपयोगी पडत नाही. थकबाकी १ लाख १२ हजार असताना सत्तर हजार भरले, तर सत्तर हजारांनी कर्ज कमी होतं, पण खातं एनपीएच राहतं आणि नोटिशीचे दिवस पुढे सरकत राहतात. म्हणून या जोडप्याने दर आठवड्याला पाच-सात हजार भरत राहण्यापेक्षा मेअखेरीस पाच हप्ते आणि शुल्क मिळून साधारण १ लाख २० हजार एकदम भरण्याची तजवीज करणं शहाणपणाचं. मोडायची तर पत्नीची मुदत ठेव, सोनं, भावाकडून उसने पैसे, असं जे काही असेल ते या एका आकड्यासाठी राखून ठेवावं. थकबाकी पूर्ण आली की बहुतेक बँका पुढची कारवाई थांबवतात, कारण नियमित खातं त्यांनाही हवं असतं. तरी कायद्याच्या भाषेत त्यांनी संपूर्ण कर्ज परत मागितलेलं असतं. म्हणून पैसे भरण्याआधी प्राधिकृत अधिकाऱ्याशी बोलून 'एवढी रक्कम आल्यास खातं नियमित करून नोटिशीवरची कारवाई थांबवू' असं पत्र किंवा निदान ईमेल मागावा. पैसे कर्जखात्यातच जमा करावेत. वसुली एजंटच्या हाती रोख देऊ नये, तो कितीही गोड बोलला तरी.

आता नोटिशीचा मजकूर. ती प्राधिकृत अधिकाऱ्याच्या सहीची असावी. तिच्यात देय रकमेचा तपशील आणि कोणत्या तारण मालमत्तेवर कारवाई करायची आहे त्याचं वर्णन असायलाच हवं. कायदाच तसं सांगतो. एनपीएची तारखही दिलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर वकिलाच्या नावाने आलेला, वर राजमुद्रा छापलेला, 'चोवीस तासांत अटक' असं धमकावणारा कागद ही नोटीस नव्हे. घरकर्ज थकणं हा गुन्हा नाही आणि त्यासाठी पोलीस अटक करत नाहीत. गुन्ह्याचा प्रश्न येतो तो परत गेलेल्या चेकच्या खटल्यात किंवा खोटी कागदपत्रं देऊन कर्ज उचललं असेल तर. शंका आली, तर आपल्या कर्जाच्या जुन्या कागदांवरचा शाखेचा क्रमांक लावून विचारावं. त्या संदेशातल्या क्रमांकावर विचारू नये.

नंतर खातेउतारा मागवावा, कर्ज सुरू झालं तेव्हापासूनचा. तो स्वतःच्या पासबुकासमोर ठेवून ओळ न् ओळ तपासावा. भरलेला हप्ता जमा झालेला दिसत नाही, एनपीएची तारीख आपल्या हिशेबाशी जुळत नाही, नोटिशीत फ्लॅटचा क्रमांक चुकलाय, कर्जासोबत घेतलेल्या विम्याचा दावा अजून लटकलेला आहे, या प्रत्यक्षात आढळणाऱ्या गोष्टी आहेत. शुल्कही पाहावं. उशिराबद्दल दंडात्मक व्याज लावून ते मुद्दलात मिसळण्याची जुनी पद्धत रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या परिपत्रकाने बंद केली. आता दंड आकारता येतो तो शुल्क म्हणून, आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. विम्याचा मुद्दा विशेष लक्षात ठेवा. कर्जदार वारला असेल किंवा त्याला अपंगत्व आलं असेल, तर कर्ज घेताना माथी मारल्यासारखी वाटलेली ती पॉलिसी कधी कधी अख्खं देणं फेडते, आणि घरच्यांना ती असल्याचंही माहीत नसतं.

दोन-तीन अपवादही आत्ताच पाहून घ्यावेत. शेतजमिनीवरचं तारण या कायद्याबाहेर आहे. मात्र सातबारावर शेती लिहिलंय एवढं पुरत नाही, जमीन खरोखर शेतीची असावी लागते. कर्ज बरंच फिटलं असेल आणि मुद्दल व व्याजाच्या वीस टक्क्यांहून कमी देणं उरलं असेल, तरी हा मार्ग वापरता येत नाही. एक लाखापर्यंतच्या कर्जांनाही तो लागू नाही. यातलं काही आपल्याला लागू पडत असेल, तर उत्तरातला पहिला मुद्दा तोच.

उत्तर द्यायचंच, आणि लेखी द्यायचं. कर्जदाराला हा हक्क कसा मिळाला ते सांगण्यासारखं आहे. मूळ कायद्यात नोटिशीला दिलेल्या उत्तराचं बँकेने काय करायचं, याचा उल्लेख नव्हता. २००४ साली मार्डिया केमिकल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला, पण कर्जदाराने आक्षेप घेतला तर बँकेने त्याचा विचार करून कारणं कळवलीच पाहिजेत, असं बजावलं. मग कायद्यात कलम १३(३क) आलं. आपलं निवेदन मिळाल्यापासून पंधरा दिवसांत बँकेने ते का मान्य नाही याची कारणं कळवायची असतात. बँकेने नाही म्हटलं म्हणून त्याच टप्प्यावर न्यायाधिकरणात जाता येत नाही. पण पुढे जावं लागलं, तर आपण मुदतीत काय म्हटलं होतं आणि बँकेने त्यावर काय केलं, याचा हाच पुरावा असतो. ज्याने साठ दिवसांत एक ओळही लिहिली नाही, त्याच्या वकिलाला नंतर फार थोडं बोलता येतं.

उत्तर दोन पानांत मावतं. ते प्राधिकृत अधिकाऱ्याच्या नावे असावं, कर्जखात्याचा क्रमांक आणि नोटिशीची तारीख वर लिहावी. आधी हिशेबातले आक्षेप, प्रत्येकाला पावती किंवा उताऱ्याची प्रत जोडून. मग काय हवंय ते: थकबाकीचा नेमका आकडा, शुल्काचा तपशील. शेवटी प्रस्ताव, आणि तो तारखांसह. 'परिस्थिती सुधारली की जमेल तसे भरू' या वाक्यावर कोणताही अधिकारी वरिष्ठांकडे काही मागू शकत नाही. आपल्या नमुन्यातल्या जोडप्याने असं लिहावं: '३० मेपर्यंत थकलेले पाच हप्ते व शुल्क एकरकमी भरतो. १ जूनपासून नवीन नोकरी आहे, नियुक्तिपत्र सोबत जोडलं आहे. ५ जूनपासूनचे हप्ते नियमित जातील.' पगार पूर्वीपेक्षा कमी असेल, तर मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची विनंती त्याच पत्रात करावी. ती मान्य करायला बँक बांधील नाही, पण कागदोपत्री विनंतीच नसेल तर विचारही होत नाही. पत्र स्पीड पोस्टाने पाठवावं आणि एक प्रत शाखेत नेऊन आवक शिक्क्यासह पोहोच घ्यावी. जे खरं नाही ते लिहू नये. 'कर्ज घेतलंच नाही' असं तावातावाने लिहिलेलं वाक्य पुढे आपल्याच अंगावर येतं. साठाव्या दिवसाची वाटही पाहू नये, पहिल्या वीस दिवसांत उत्तर गेलं तर बँकेच्या पंधरा दिवसांनंतरही हाती थोडा वेळ उरतो.

वकिलाला दाखवायचं तर उत्तर पाठवण्याआधी. तो परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळू शकतो. त्यांचा १५१०० हा मदत क्रमांक देशभर चालतो. 'फी द्या, कर्ज निम्म्यावर आणून देतो' म्हणणाऱ्या दलालांपासून मात्र दूर राहावं. एकरकमी तडजोड बँकेच्या मर्जीवर असते, कर्जदाराचा तो हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं आहे. ती झाली तरी क्रेडिट अहवालात 'तडजोडीने मिटवलं' अशी नोंद राहते आणि पुढचं कर्ज अवघड होतं.

काही वेळा मनाशी कबूल करावं लागतं की हे घर आता झेपणार नाही. हा विचार लवकर झाला तर नुकसान खूप कमी होतं. नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही किंवा भाड्यानेही देता येत नाही. पण संमती मागता येते, आणि गिऱ्हाईक खरं असेल तर बँका ती सहसा देतात. गिऱ्हाईकाचे पैसे आधी कर्जखात्यात जातात, उरलेले आपल्याला मिळतात. लिलावात उतरलेलं घर पडेल भावाने जाण्याची भीती असते, कारण घेणाऱ्याला ते जसं आहे तसं घ्यावं लागतं. लिलावातून जास्त आले तर वरची रक्कम कर्जदाराचीच. कमी आले तर उरलेल्या देण्यासाठी बँक कर्जदाराच्या आणि जामीनदाराच्या मागे लागू शकते.

जामीनदार या कायद्याच्या व्याख्येत कर्जदारच आहे. मित्रासाठी सही केलेल्या माणसालाही हीच नोटीस येते, आणि त्यानेही वेगळं, स्वतःच्या नावाने उत्तर द्यावं.

साठ दिवस गेले आणि काहीच जुळलं नाही, तर कलम १३(४) चा टप्पा येतो. बहुधा आधी प्रतीकात्मक ताबा घेतला जातो: दारावर ताबा सूचना लागते आणि सात दिवसांत ती दोन वर्तमानपत्रांत येते. घरात तेव्हा आपणच राहत असतो. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते, आणि आदेश झाला की पोलिसांसह माणसं येतात. आपली न्यायालयीन दाद असते ती प्रतीकात्मक ताब्याच्या क्षणापासून. कलम १७ खाली पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, अर्ज करता येतो. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे ती आहेत. दिवाणी न्यायालयात जाऊन उपयोग नाही, कायद्याने तो दरवाजा बंद केला आहे. अर्ज दाखल करायला थकबाकीचा हिस्सा आधी भरावा लागत नाही. पूर्वी पंचाहत्तर टक्के भरण्याची अट होती, ती मार्डिया खटल्यातच रद्द झाली. तरी कारवाईला स्थगिती देताना न्यायाधिकरण अनेकदा काही रक्कम भरायला सांगतं. म्हणून वेळ काढण्यासाठी म्हणून हा अर्ज करू नये. प्रक्रियेत चूक दाखवता येत असेल किंवा पैसे येण्याची खात्री असेल, तेव्हाच तो उपयोगी पडतो.

शेवटची रेषा लिलावाच्या जाहिरातीची. विक्रीआधी तीस दिवसांची सूचना द्यावी लागते. लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होईपर्यंत संपूर्ण देणं आणि खर्च भरून घर सोडवता येतं. 'बोली लागेपर्यंत पैसे आणू' असं अनेकांना वाटतं, पण २०१६ च्या दुरुस्तीनंतर तसं राहिलेलं नाही, आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते ठाम केलं: जाहिरात छापली की तो हक्क संपतो.

आणि खातं वेळेत नियमित झालं, तर दोन कागद मागून घ्यावेत. एक, खातं पुन्हा नियमित वर्गात आल्याचं आणि अमुक तारखेच्या नोटिशीवर पुढची कारवाई करणार नसल्याचं बँकेचं पत्र. दुसरा, पैसे भरल्यानंतरचा खातेउतारा. एक-दोन महिन्यांनी क्रेडिट अहवाल काढून थकबाकी शून्य दाखवतेय का ते पाहावं. दाखवत नसेल, तर बँकेकडे लेखी तक्रार करावी, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर. तिथे तक्रार करायला पैसे लागत नाहीत.